‘पार्टीचा कोड आयटीवाले बघतील’: मास्टर डेटाबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज

रत्नागिरीतला आंबा कॅनिंगचा व्यवसाय ऐन हंगामात दोन महिने श्वास न घेता चालतो. एप्रिल-मे महिन्यांत रोज नवे बागायतदार दारात येतात, रिकामे डबे कमी पडतात, मुंबईचा व्यापारी घाई करतो. प्रत्येकासाठी ईआरपीत नोंद लागते आणि गेटवर गाडी उभी असते. मग कोणीतरी ‘पार्टी ओपन’ करतं. पुढे एकाच पुरवठादाराचे तीन कोड निघाले, की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘सॉफ्टवेअर आयटीचं, तेव्हा मास्टर डेटाही आयटीनेच सांभाळायचा.’

हे साफ चुकीचं आहे, आणि इतक्या वेळा ऐकू येतं की आता नीट उलगडूनच सांगायला हवं.

आयटीच्या माणसाला काय माहीत असतं? कोणता रकाना सक्तीचा, कोणाला कोणता अधिकार, बदल कोणी कधी केला. त्याला काय माहीत नसतं? ‘श्री गणेश टिन्स’ आणि ‘गणेश टिन इंडस्ट्रीज’ हा एकच माणूस आहे की दोन सख्खे भाऊ वेगळे झालेत. हे परचेसला माहीत असतं, कारण फोनवर तेच बोलतात. बँक खातं खरं कोणाचं, हे अकाउंट्सने तपासायचं असतं. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याच्या गळ्यात जबाबदारी घातली, तर तो समोर आलेला फॉर्म भरून देईल; दुसरं काय करणार? हे केवळ माझं मत नाही. डेटा व्यवस्थापनात प्रमाण मानला जाणारा ‘डामा’ संस्थेचा ‘डीएमबॉक’ हा ग्रंथही डेटाची मालकी व्यवसायाच्या बाजूला ठेवतो आणि तांत्रिक सांभाळ वेगळा काढतो.

यातून नुकसान कसं होतं ते एका उदाहरणात पाहू. समजा, वरच्या गणेश टिन्सचा एक कोड परचेसने उघडला होता. ऐन मे महिन्यात स्टोअर्सला तो नाव शोधताना सापडला नाही, कारण तिथे ‘श्री’ पुढे लागलं होतं. स्टोअर्सने दुसरा उघडला. पुरवठादाराने ५ लाखांचं बिल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ते पहिल्या कोडवर चढलं. आठवड्याने गाडीबरोबरची मूळ प्रत आली, ती दुसऱ्या कोडवर चढली. आता कोणी म्हणेल, ‘तेच बिल पुन्हा चढवलं तर ईआरपी अडवतं ना!’ अडवतं, पण ही तपासणी पुरवठादाराच्या कोडनिहाय चालते. एसएपीत ती कोड आणि बिल क्रमांक जोडून होते. ईआरपीनेक्स्टमध्येही तसंच, आणि दोन्हीकडे ती सेटिंग चालू ठेवली असेल तरच. कोड वेगळा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी माणूसच वेगळा. बिल दोनदा चढलं, पैसेही दोनदा गेले. आगाऊ रक्कम एका कोडवर आणि बिल दुसऱ्यावर पडलं, तरी हेच होतं: दुसऱ्या कोडवर पूर्ण बाकी दिसते आणि आगाऊ दिलेले पैसे वजा होतच नाहीत. लेजरमध्ये एखाद्या पुरवठादाराची आगाऊ रक्कम महिनोन्महिने तशीच पडून दिसली, तर आधी त्याचा जुळा कोड शोधा.

मग मालक कोण? इथे बहुतेक ठिकाणी ‘पुरवठादार परचेसचा, ग्राहक विक्रीचा, आयटम स्टोअर्सचा’ अशी ढोबळ वाटणी होते. ती अपुरी आहे, कारण एकाच नोंदीत वेगवेगळ्या खात्यांची माहिती असते. म्हणून मालकी रकान्यागणिक ठरवावी. पुरवठादाराचं नाव आणि खरेदीच्या अटी परचेसकडे. पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँक खातं अकाउंट्सकडे. ग्राहकाचा पत्ता विक्रीकडे, उधारीची मर्यादा अकाउंट्सकडे. डब्याचा आकार, लॅकर आणि एकक उत्पादन व गुणवत्ता विभागाकडे, कराचा एचएसएन कोड अकाउंट्सकडे, किमान साठ्याची पातळी स्टोअर्सकडे. शिवाय संपूर्ण नोंदीवर एकच राखणदार हवा. त्याने आधी शोध घेतल्याशिवाय नवा कोड उघडायचा नाही. आणि जो कोड उघडतो, त्याच्या हातात पेमेंटचा अधिकार नको. बँक खातं बदलण्याची विनंती आली, तर नोंदीत आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, विनंतीत दिलेल्या नंबरवर नव्हे.

दुसरा गैरसमज: ‘जीएसटी क्रमांक सक्तीचा केला की डुप्लिकेट संपले.’ अर्धं खरं. पंधरा अक्षरी क्रमांकात पहिली दोन अक्षरं राज्याची (महाराष्ट्राची २७), पुढची दहा म्हणजे पॅन. एकाच कंपनीची महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नोंदणी असेल, तर क्रमांक दोन, पॅन एक. म्हणून तुलना पॅनची करा. सगळी यादी एक्सेलमध्ये काढा; जीएसटी क्रमांक A रकान्यात असेल, तर B आणि C मध्ये हे लिहा:

```
=MID(A2,3,10)
=IF(B2="","",COUNTIF(B:B,B2))
```

C मध्ये जिथे एकापेक्षा मोठा आकडा येईल, तिथे थांबून पाहा. दोन राज्यांतल्या शाखा असतील, तर पार्टी एक आणि पत्ते दोन. बाकीचे बहुधा जुळे कोड.

पण आपल्या बागायतदाराचं काय? जमिनीवर स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २३ नुसार त्या विक्रीसाठी नोंदणी लागत नाही. त्याचा रकाना रिकामाच राहणार. रकाना सक्तीचा केला, तर कोणीतरी काहीतरी खोटं टाइप करील. शेतकऱ्यासाठी ओळखीचा सर्वांत उपयोगी धागा म्हणजे बँक खातं आणि आयएफएससी, कारण पैसे तिथेच जायचे असतात. जोडीला पूर्ण नाव, गाव आणि वाडी. एक्सेलमध्ये खाते क्रमांक ‘टेक्स्ट’ म्हणूनच घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात. वडील आणि मुलगा एकच खातं वापरत असतील, तर तो जुळा कोड नसूही शकतो. तिथे राखणदाराने विचारून ठरवायचं.

तिसरा गैरसमज: ‘नाव जुळलं की कोड एकत्र करून टाका.’ कृपा करून असं करू नका. एकाच वाडीत एकाच नावाचे दोन बागायतदार असणं कोकणात नवलाचं नाही. चुकून दोन कोड राहिले, तर पुढे सापडतात. दोन माणसं एकत्र झाली, तर एकाच्या आंब्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जातात आणि व्यवहार पुन्हा वेगळे करणं फार जड जातं. आयटममध्येही तेच. ‘हापूस पल्प ३.१ किलो डबा’ असे दोन कोड दिसले, तरी एकात कोकणचा आणि दुसऱ्यात बाहेरून आणलेला आंबा असेल, तर ते जुळे नाहीत. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते लेबलवर लावायचं असेल, तर आंबा कुठला हे कोडपासूनच वेगळं दिसलं पाहिजे. हा निर्णय गुणवत्ता विभागाचा, स्टोअर्सचा नव्हे.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

‘जुना कोड डिलीट करा.’ नको, त्यावर जुनी बिलं आहेत. बाकी आणि ऑर्डर नव्या कोडकडे वळवून जुना फक्त बंद करा.

‘रकाने जितके सक्तीचे, तितका डेटा चांगला.’ उलट, मोबाइलच्या जागी दहा नऊ भरलेले सापडतील.

‘एकदा साफसफाई केली की झालं.’ उघडण्याचा रस्ता तोच राहिला, तर पुढच्या हंगामात यादी पुन्हा तशीच होईल.

‘हंगामात शोधायला वेळ नसतो.’ म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्या वर्षीचे बागायतदार आणि डबेवाले तपासून ठेवा. ऐन हंगामात अगदीच नवा माणूस आला, तर तात्पुरता कोड उघडा: त्यावर माल उतरवून घेता येईल, पण बँक खातं तपासून राखणदाराने मान्यता दिल्याशिवाय पेमेंट निघणार नाही. ही अडवणूक सॉफ्टवेअरमध्ये बसवून देणं मात्र खरोखर आयटीचं काम आहे.