शनिवारची रात्र की रविवार?

रुग्णालयाचं सॉफ्टवेअर रात्री काही वेळ बंद ठेवायचं असतं, तेव्हा टीमला जाणाऱ्या निरोपात पहिला घोळ बहुतेक वेळा तारखेचा होतो. ‘शनिवारी रात्री एक वाजता सिस्टिम बंद होईल’ असं कुणीतरी लिहितं. बोलताना आपण झोपेपर्यंतचा सगळा वेळ शनिवारच धरतो. कॅलेंडर मात्र बाराच्या ठोक्याला रविवारवर गेलेलं असतं. रात्री १२ वाजून १० मिनिटांच्या गाडीचं तिकीट काढून चोवीस तास उशिरा स्टेशनवर पोचलेली माणसं अनेकांच्या ओळखीत असतील. इथं तर निरोप वाचणारे निम्मे लोक रात्रपाळीचे, त्यांचा दिवस निराळाच. एखादा सहकारी न्यू जर्सीत असला, तर आपला रविवारी रात्रीचा एक म्हणजे मार्चच्या मध्यात त्याच्याकडचे शनिवार दुपारचे साडेतीन. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं असतं, त्यामुळे त्याच्या नोंदीत तीच घटका शनिवारी १९:३० अशी दिसते. म्हणून जाणती माणसं लांबण लावून लिहितात: ‘शनिवार १४ मार्च संपून रविवार १५ मार्च सुरू होतो त्या रात्री, ०१:०० ते ०३:३०, भारतीय वेळ.’

ही अडीच तासांची मुदत येते कुठून, हे पाहण्यासारखं आहे. उदाहरणादाखल दोनशे खाटांचं एक रुग्णालय घेऊ. नोंदणी, बिलं, लॅबचे रिपोर्ट आणि औषध दुकानाचा साठा असं सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. नव्या आवृत्तीत लॅबच्या रिपोर्टची मांडणी बदलायची आहे आणि त्यासाठी जुन्या सगळ्या रिपोर्टच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा आहे. हे चालू असताना कुणी नवा रिपोर्ट भरला, तर तो अर्धवट जुन्या आणि अर्धवट नव्या पद्धतीनं साठेल. म्हणून थोडा वेळ सगळं थांबवणं भाग आहे. पण कधी? बारा वाजता खाटांचं दिवसाचं भाडं बिलात चढतं, त्याच्या आत हात घालता येत नाही. पाच वाजल्यापासून वॉर्डात उपाशीपोटीचे रक्तनमुने घ्यायला सुरुवात होते. मधले चार-पाच तासच हाताशी राहतात.

आता वेळेची बेरीज करू. सिस्टिम थांबवून बॅकअप घ्यायला वीस मिनिटं, तक्ता बदलायला पस्तीस, सर्व्हर पुन्हा सुरू करायला दहा आणि तपासणीला पंधरा. एकूण ऐंशी मिनिटं, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर दोन वीसला काम संपेल. या आकड्यांत ‘पस्तीस’ सगळ्यात फसवा. रंगीत तालीम चाचणीच्या सर्व्हरवर होते आणि तिथं पुष्कळदा वर्षभराचेच रिपोर्ट ठेवलेले असतात. खऱ्या सर्व्हरवर सहा वर्षांचे असले, तर तालमीतली सहा मिनिटं प्रत्यक्षात पस्तीस होतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणून मुदत जाहीर करण्याआधी तालीम पूर्ण आकाराच्या प्रतीवर झाली का, हे विचारायलाच हवं.

ऐंशी मिनिटांवर थोडी वाढ धरून ‘दीड तास बंद’ असं सांगणं बरोबर वाटतं, पण त्यात परतीची वाट धरलेली नसते. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर जुनी परत बसवावी लागते. याला रोलबॅक म्हणतात आणि आपल्या उदाहरणात त्याला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे साडेतीनला रुग्णालय कोणत्याही परिस्थितीत सुरू व्हायचं असेल, तर पुढं जायचं की मागं फिरायचं हे पावणेतीनला ठरलंच पाहिजे. माझ्या मते पावणेतीनची ही वेळ निरोपातली सर्वांत मोलाची माहिती आहे, आणि तीच बहुतेक निरोपांत नसते. ती आधी लिहिलेली नसली, की रात्री जागून थकलेली माणसं ‘अजून दहा मिनिटांत जमेल’ म्हणत राहतात आणि पाहता पाहता साडेचार वाजतात. आधी लिहून ठेवली, की कुणाशी वाद घालावा लागत नाही.

दुसरा प्रश्न: नेमकं काय बंद? ‘सिस्टिम उपलब्ध नसेल’ या वाक्यातून रात्रपाळीच्या सिस्टरला काहीच कळत नाही. १३ जुलै २०२४ रोजी एचडीएफसी बँकेनं आपली मुख्य संगणक प्रणाली बदलली. पहाटे तीन ते दुपारी साडेचार असं मोठं काम होतं आणि त्यासाठी सुट्टीचा दुसरा शनिवार निवडला होता. बँकेनं आधीच कळवलं होतं, की यूपीआय या साडेतेरा तासांत सलग बंद नसून पहाटे तीन ते पावणेचार आणि सकाळी साडेनऊ ते पाऊण एवढ्याच वेळात बंद असेल. त्यामुळे सकाळी आठला दूधवाल्याचे पैसे द्यायचेत की नाही, हे ग्राहकाला ठरवता येत होतं. निरोपात अशीच फोड हवी.

आपल्या रुग्णालयात लॅबमधली यंत्रं चालूच राहतील, रक्ताची तपासणी होईल. फक्त निकाल संगणकावर न येता यंत्राच्या पडद्यावर वाचून हातानं लिहावा लागेल. बारकोडची चिठ्ठी निघणार नाही, तेव्हा नळीवर नाव, वय आणि वॉर्ड पेननं लिहायचं. कॅज्युअल्टीत येणाऱ्या नव्या रुग्णाला नोंदणी क्रमांक मिळणार नाही; त्यासाठी ‘रात्र १’, ‘रात्र २’ असे क्रमांक घातलेले छापील कागद आधीच टेबलावर ठेवायचे. आणि पाऊण वाजता प्रत्येक वॉर्डातल्या रुग्णांची व त्यांच्या चालू औषधांची यादी छापून घ्यायची. ही यादी काढायची राहिली, तर दोन वाजताचं इंजेक्शन कुणाला द्यायचं हे शोधायला फाइली चाळाव्या लागतात.

हे सगळं मिळून निरोप असा होतो:

‘शनिवार १४ मार्च संपून रविवार १५ मार्च सुरू होतो त्या रात्री ०१:०० ते ०३:३० (भारतीय वेळ) नोंदणी, बिलं, लॅब रिपोर्ट आणि औषधसाठा बंद राहील. लॅबची यंत्रं व वॉर्डातले फोन चालू राहतील. काम ०२:२० पर्यंत संपेल असा अंदाज आहे. ०२:४५ पर्यंत तपासणी पूर्ण झाली नाही, तर जुनी आवृत्ती परत बसवू. ००:४५ ला वॉर्डनिहाय यादी छापून घ्या. कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर दिसला, औषधाचा डोस चुकीचा दिसला किंवा ०३:३० नंतरही सिस्टिम उघडली नाही, तर ताबडतोब फोन करा, मेसेज नको. पहिला फोन रिलीज प्रमुखांना. पाच मिनिटांत उचलला नाही, तर डेटाबेस पाहणाऱ्यांना. त्यांनीही उचलला नाही, तर प्रोजेक्ट मॅनेजरना. छपाई वाकडी येणं, रंग बदललेला दिसणं अशा तक्रारी सोमवारी दहानंतर नोंदवा.’

प्रत्येक हुद्द्यापुढं नाव आणि मोबाइल क्रमांक येतो. ‘सपोर्ट टीमशी संपर्क साधा’ असं लिहिलं, तर रात्री अडीचला प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी फोन घेईल. ऑफिसच्या बोर्डावरचा एक्स्टेन्शन नंबर दिला, तर ऑपरेटर रात्री नसतोच. दिलेला मोबाइलही रात्री आपोआप गप्प होतो, कारण हल्ली बऱ्याच जणांनी अकरानंतर फोन शांत राहील अशी सोय करून ठेवलेली असते. म्हणून शनिवारी रात्री साडेअकरानंतर, ती सोय लागू झाल्यावर, रुग्णालयाच्या लँडलाइनवरून तिन्ही क्रमांक एकदा खरोखर लावून पाहतात. फोन वाजला तरच तो क्रमांक निरोपात राहतो.

क्रमांक कागदावरही हवेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जाळं सुमारे सहा तास इंटरनेटवरून नाहीसं झालं. त्याच्यासोबत कंपनीची अंतर्गत साधनंही बंद पडली, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांची नेहमीची हत्यारंच त्याच बिघाडात सापडली. आपल्याकडं हा धोका लहान रूपात असतो: ड्यूटीची यादी आणि डॉक्टरांचे नंबर त्याच सॉफ्टवेअरमध्ये, जे एक वाजता बंद होणार. प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर टेलिफोनशेजारी एक छापील चिठ्ठी चिकटवली, की प्रश्न मिटतो.

समजा, रात्री एकला काम सुरू झालं. बॅकअप वेळेत झाला, तक्ता पस्तीसऐवजी चाळीस मिनिटांत बदलला, दोन पंचविसाला तपासणी आटोपत आली. तेवढ्यात तपासणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं, की ज्या रुग्णांची नोंदणी दोनदा झाली आहे, त्यांचे जुने रिपोर्ट कोरे दिसताहेत. दुरुस्ती छोटी असेल असं प्रोग्रामरला वाटतं. तो वीस मिनिटं प्रयत्न करतो, आणि पावणेतीनला रिलीज प्रमुख म्हणतात, ‘थांबव आता, मागं फिरू.’ दोन सेहेचाळीसला ग्रुपवर येतं: ‘नवी आवृत्ती मागे घेत आहोत. सिस्टिम ०३:३० ला जुन्याच स्वरूपात उघडेल. वॉर्डांनी कागदावरचं काम चालू ठेवावं. पुढचा मेसेज ०३:१५ ला.’

हा मेसेज लिहिणारा माणूस सर्व्हरवर काम करणाऱ्यांपैकी नसावा. कमांड देणाऱ्याला टायपिंगसाठी मान वर करावी लागली, तर एक तरी ओळ चुकते. आणि तीन पंधराला सांगण्यासारखं नवं काही नसलं, तरी ‘काम चालू आहे, वेळ तीच’ एवढं पाठवायचं. ते आलं नाही तर तिन्ही वॉर्डांतून फोन सुरू होतात, आणि ते उचलण्यात रोलबॅक करणाऱ्यांची मिनिटं जातात.

अशा रात्री एक फोन मात्र यायलाच हवा आणि तो ताबडतोब घ्यायला हवा. ‘सर, आयसीयूतून बोलतेय. पेशंटचं पोटॅशियम लॅबनं फोनवर साडेसहा सांगितलं. मागच्या रिपोर्टला किती होतं, ते बघायला मिळेल का?’ पोटॅशियम साधारण साडेपाचच्या आत असावं लागतं; साडेसहा हृदयाला धोक्याचं. सिस्टिम बंद आहे, एवढं उत्तर इथं चालत नाही. एक वाजता घेतलेल्या बॅकअपची फक्त वाचता येईल अशी प्रत वेगळ्या संगणकावर उघडून ठेवलेली असली, तर रिलीज प्रमुख दोन मिनिटांत आकडा सांगू शकतात. ही सोय केली असेल, तर निरोपात तिची एक ओळ हवी: ‘जुना रिपोर्ट तातडीनं हवा असल्यास याच क्रमांकावर फोन करा, वाचून सांगू.’ केली नसेल, तर तसंही स्पष्ट लिहावं, म्हणजे आयसीयू आपल्या रुग्णांचे ताजे रिपोर्ट पाऊण वाजताच छापून ठेवील.

तीन पंचविसाला सिस्टिम उघडते. आता ‘रात्र १’पासूनचे कागद उरतात. ते कुणी आणि कधीपर्यंत चढवायचे, हेही आधीच्या निरोपात ठरलेलं असावं: नोंदणीचे कॅज्युअल्टीच्या क्लार्कनं, रक्ताचे लॅबनं, पाच वाजायच्या आत, कारण त्यानंतर सकाळचे नमुने येऊ लागतात. कागद मोजून घ्यायचे. सात वापरले आणि सहाच चढले, तर सातव्या रुग्णाची नोंद कुठंच नाही. आठ वाजता दिवसपाळी येते, तेव्हा तिच्यासाठी तीन ओळींचा वेगळा मेसेज जातो: आवृत्ती जुनीच आहे, रात्रीचे सगळे कागद चढवले आहेत आणि फोनचे तेच क्रमांक सोमवारी दहापर्यंत चालू आहेत.