गाडी पडली कितीला?

जुनी गाडी घेताना घासाघीस होते ती किमतीवर. तीन साठ म्हणाले, तीन पन्नासला दिली, दहा हजार वाचले म्हणून घरी पेढे येतात. पुढच्या चार महिन्यांत टायर, क्लच, बॅटरी आणि विमा यांपायी जे पैसे जातात, त्यांचा हिशेब मात्र कोणी एका कागदावर मांडत नाही. तो कागद इसार देण्याआधी तयार असायला हवा. गाडी कितीला घेतली यापेक्षा वर्षभरात ती कितीला पडली, हे बघून सौदा करायचा असतो.

एक उदाहरण धरू. पुण्यातली एमएच-12 ची, 2017 सालची, 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. मीटरवर 62 हजार किलोमीटर, पहिलाच मालक, मागणी 3 लाख 60 हजार. आकडे साध्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. गावागणिक आणि गाडीगणिक ते बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी टायर पाहू, कारण खर्चाबरोबर ते गाडीचा इतिहासही सांगतात. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. 1417 असेल तर तो टायर 2017 च्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. आपल्या उदाहरणातल्या गाडीचे पुढचे दोन टायर 2022 चे आहेत आणि मागचे दोन 1417 चे, म्हणजे गाडीबरोबर आलेले. मागच्या टायरांची नक्षी अजून शिल्लक दिसते आणि विकणारा तिच्यावरच बोट ठेवतो. टायर वाकवून बाजू पाहिली तर मात्र रबराला बारीक भेगा पडलेल्या दिसतात. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. असे टायर बदलायचेच. नक्षीच्या खोबणीत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

याच चार आकड्यांवरून मीटरची शहानिशाही होते. अशा गाडीचे टायर साधारण 40-50 हजार किलोमीटर जातात. एखाद्या 2018 च्या गाडीचं मीटर 28 हजार दाखवतंय आणि चारही टायर 2022 चे आहेत, तर पहिले चार टायर गेले कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचं सरळ उत्तर असू शकतं. ते मिळालं नाही, तर गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मागच्या नोंदी बघाव्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं मीटर तिथे लिहिलेलं असतं. आणि पुढच्या टायरची फक्त आतली कड झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचे बुश गेलेत. तेव्हा तो खर्च टायरवर थांबत नाही. आपल्या गाडीत नेमकं हेच आहे. दोन टायर आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग मिळून 11 हजार, आणि लोअर आर्म, बुश वगैरेचे 7 हजार.

इंजिन आणि क्लच पाहायला आपला मेस्त्री सोबत न्यावा. त्याला हजार रुपये द्यावे लागले तरी हरकत नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा. तो गरम लागला, तर थंड इंजिन सुरू होताना करतं ती कुरकुर आपल्याला ऐकू येऊ नये, अशी सोय झालेली असू शकते. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. ही दुरुस्ती हजारांत आटोपत नाही, तेव्हा तिथूनच मागे फिरावं. क्लचची परीक्षा सोपी आहे. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढायचा, तिसरा गियर टाकायचा आणि किंचित रेस देऊन क्लच सोडायचा. धड क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. इंजिन फिरतच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करावी, वारंवार केली तर चांगला क्लचही खराब होईल. आपल्या गाडीचं इंजिन क्षणभर अडखळून फिरत राहतं. क्लच सेट मजुरीसह साडेनऊ हजार. बॅटरी चार वर्षं जुनी आहे, तिचे 4,800. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलून सर्व्हिसिंगचे 6 हजार. जुन्या गाडीच्या बाबतीत हे सर्व्हिसिंग मी कधीच वगळणार नाही, कारण मागचं ऑइल कधी बदललं याची खात्री फक्त पक्क्या बिलानेच होते.

टायरपासून सर्व्हिसिंगपर्यंत हे सगळे मिळून 38,300 झाले. ही मागच्या मालकाची थकबाकी आहे. गाडी त्याने वापरली, झीज त्याच्या काळात झाली आणि पैसे भरायची वेळ आपल्यावर आली.

आता कागदपत्रं. गाडी नावावर करण्याची सरकारी फी ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मोटारीसाठी हस्तांतरणाचे 300 रुपये, स्मार्ट कार्डाचे 200 आणि वर टपाल वगैरे किरकोळ. आपण कर्ज काढून गाडी घेत असू तर बँकेचा बोजा चढवण्याचे आणखी 1,500. एजंट जे चार-पाच हजार घेतो, ते फॉर्म भरण्याचे आणि आरटीओच्या खेपांचे. ज्याला वेळ आहे त्याने parivahan.gov.in वर स्वतः अर्ज करावा. फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या लागतात. विकणाऱ्याने पूर्वी कर्ज काढलं असेल, तर ते फिटलं एवढं तोंडी सांगून चालत नाही. आरसीवर बँकेचं नाव दिसतंय तोवर बोजा कायम आहे. त्यासाठी फॉर्म 35 आणि बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर महाराष्ट्रात तिचे जीएसटीसह 879 रुपये धरावेत. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरावर ऑनलाइन दिसतात. ती विकणाऱ्यानेच आपल्या देखत भरायची. आपण एजंट लावला असं समजू, तर साडेचार हजार अधिक नंबरप्लेट.

गाडी परराज्यातली असेल तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. पण गाडी महाराष्ट्रात कायमची आणली की इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा तिकडच्याच आरटीओकडून मिळवायचा असतो. ज्याचे तिकडे कोणी ओळखीचे नाहीत, त्याने तो परतावा हिशेबात धरूच नये.

सर्वांत जास्त गैरसमज विम्याबाबत आहेत. ‘विमा अजून पाच महिने आहे’ हे वाक्य विक्रीचा मुद्दा म्हणून ऐकवलं जातं. गाडी विकली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण मात्र तसं जात नाही. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. आरसी आपल्या नावावर, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि अशात गाडी ठोकली, तर दावा फेटाळला जातो.

दुसरी गोष्ट नो क्लेम बोनसची. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याला 50 टक्के बोनस मिळत होता, म्हणजे गाडीच्या नुकसानीसाठीचा 6 हजारांचा हप्ता त्याला 3 हजारांत पडत होता. पॉलिसी आपल्या नावावर होताना उरलेल्या पाच महिन्यांची ही सवलत परत भरावी लागते. 3 हजारांचे पाच महिन्यांपुरते 1,250 आणि जीएसटी धरून 1,475. पाच महिन्यांनी नूतनीकरण येईल तेव्हा 6 हजार पूर्ण भरायचे, त्यात हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीचा तिसऱ्या व्यक्तीचा 3,416 चा हप्ता, मालकाचा अपघात विमा आणि कर मिळवायचा. साधारण साडेअकरा हजार. विकणारा आपल्या पावतीवरचा आकडा दाखवतो, तो त्याच्यासाठी असतो. आपण नुकतीच आपली आधीची मोटार विकली असेल, तर आपला बोनस आपल्याच विमा कंपनीकडून लिहून घ्यावा. तो तीन वर्षं चालतो आणि या गाडीला लावता येतो.

आता बेरीज करू. मागणी 3,60,000. थकबाकी 38,300. हस्तांतरण, नंबरप्लेट आणि बोनसची परतफेड मिळून साधारण 6,850. विमा 11,500. गाडी पडली सुमारे 4 लाख 16 हजार 650 ला.

याच गल्लीत तशीच दुसरी गाडी 3 लाख 90 हजारांना आहे. तिचे चारही टायर गेल्या वर्षीचे, क्लच आणि बॅटरी बदलल्याची बिलं आहेत, नंबरप्लेट बसवलेली आहे, सस्पेन्शनचा आवाज नाही. विमा नऊ महिने शिल्लक, म्हणून बोनसचे 2,655 भरावे लागतील. हस्तांतरणाचे साडेचार हजार, सर्व्हिसिंगचे 6 हजार, नूतनीकरणाचे साडेअकरा हजार. ही पडते सुमारे 4 लाख 14 हजार 650 ला. तीस हजारांनी महाग दिसणारी गाडी प्रत्यक्षात दोन हजारांनी स्वस्त निघाली, शिवाय गॅरेजच्या खेपा वाचल्या.

पहिलीच गाडी आवडली असेल तर हा कागद पुढे ठेवून बोलावं. पण सगळे 38,300 तोडून मागणं रास्त नाही. सर्व्हिसिंग आणि विमा हा कोणत्याही गाडीचा चालू खर्च, तो आपलाच. नव्या टायरचं आणि नव्या बॅटरीचं पुढचं आयुष्यही आपल्यालाच मिळणार, म्हणून त्यातले निम्मे विकणाऱ्याकडे मागावेत. घसरणारा क्लच आणि गेलेले बुश मात्र पूर्ण त्याच्या खाती. म्हणजे 9,500, 7,000 आणि 7,900 मिळून 24,400. तीन पस्तीसला सौदा झाला तर तो दोघांनाही न्यायाचा आहे.

एक गाडी मात्र या हिशेबात बसत नाही, ती म्हणजे पुराच्या पाण्यात बुडालेली. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि 2021 मध्ये चिपळूणला अशा गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून लांबच्या बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या भागावर चिखलाचा आडवा डाग राहतो. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात, गालिच्याखाली बारीक गाळ असतो. तिच्या वायरिंगचा बिघाड आज एक, उद्या दुसरा असा निघत राहतो आणि त्याला आकडा लावता येत नाही. अशी गाडी निम्म्या किमतीतही घेऊ नये.

सौदा ठरला की ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ, अगदी तासासकट, एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं आपलं. त्याच दिवशी पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज टाकावा आणि आरटीओचा अर्ज 30 दिवसांच्या आत.