शेवटचा शब्द वाचल्याशिवाय गोळा रंगवू नकोस

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरची उत्तरतालिका लागली, की पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये दोन प्रकारची हळहळ ऐकू येते. एक, "हे वाचलंच नव्हतं." आणि दुसरी, जास्त झोंबणारी: "अरे, 'नाही' विचारलं होतं!"

ही दुसरी हळहळ एका ताईच्या वाट्याला आली होती. नंतर तिने गावाकडून नुकत्याच आलेल्या, पहिल्यांदाच पूर्व देणाऱ्या एका मुलाला दोन पानी पत्र लिहिलं. पत्रात ना वेळापत्रक, ना पुस्तकांची यादी. विषय एकच: नकारार्थी प्रश्न ओळखायचा कसा? "हे तुला कुणी शिकवणार नाही, कारण सगळ्यांना वाटतं की एवढं तर वाचता येतंच," असं तिने सुरुवातीलाच लिहिलं.

तिने दिलेला पहिला नमुना साधा आहे. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' पर्याय असे: गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, भीमा भीमाशंकरला उगम पावते, तापी महाराष्ट्रातल्या सातपुड्यात उगम पावते. मुलाला चारही नद्या पाठ असतात. तो पहिला पर्याय वाचतो, तो खरा निघतो आणि गोळा रंगतो. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते हे त्याला ठाऊक असतं, पण चौथ्या पर्यायापर्यंत तो पोहोचतच नाही.

या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के कापले जातात. इथे दोन गुण हुकले आणि वर अर्धा गेला, म्हणजे अडीच गुणांचा फरक. असे चार प्रश्न झाले की दहा गुण गेले, तेही येत असलेल्या विषयात.

ही चूक निष्काळजीपणाची आहे, असं म्हणून सोडून देणं बरोबर नाही. तिचं एक कारण आपल्या भाषेच्या ठेवणीत आहे. इंग्रजी प्रश्नात 'नॉट' हा शब्द 'करेक्ट'च्या आधी येतो; वाचणारा विशेषणापर्यंत पोहोचण्याआधीच सावध होतो. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून 'नाही' सर्वांत शेवटी. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर' इथवर वाचलं की मन वाक्य स्वतःच पूर्ण करतं आणि डोळे पर्यायांकडे घसरतात. दोन रकान्यांत छापलेल्या प्रश्नपुस्तिकेत तो 'नाही' कधी कधी एकटाच पुढच्या ओळीवर उतरलेला असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९५९ आणि १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही नकारार्थी वाक्यं पडताळायला लोकांना होकारार्थी वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागताना दिसला होता. घड्याळ अंगावर आलेलं असताना हा जादा वेळ कोण देणार?

दुसरा सापळा आणखी बारीक. 'नाही' निदान वेगळा शब्द म्हणून दिसतो. 'अयोग्य' आणि 'असत्य' यांत नकार एका अक्षरात मावतो. 'योग्य' हा शब्द हजारदा वाचलेल्या डोळ्याला पुढचा 'अ' दिसत नाही. शिवाय 'वगळता', 'खेरीज', 'अपवाद', 'विसंगत', 'गटात न बसणारा', 'चुकीची जोडी' ही मंडळी आहेतच. ताईने ही नावं पत्रात एकाखाली एक लिहून काढली आणि शेवटी 'चुकीचे नाही' हे लिहून त्याला दोनदा अधोरेखित केलं. दोन नकार आले की एकमेकांना खोडतात. तिथे खरंच विधान शोधायचं असतं.

प्रश्न काढणारे असे प्रश्न का काढतात, याचंही उत्तर सरळ आहे. होकारार्थी प्रश्नाला एक खरं आणि तीन पटण्याजोगी खोटी विधानं लागतात. खोटी पण खऱ्यासारखी तीन विधानं रचणं अवघड काम. नकारार्थी प्रश्नात तीन खरी विधानं पुस्तकातून उचलता येतात, खोटं एकच रचावं लागतं. हॅलाडाइना, डाउनिंग आणि रॉड्रिग्ज यांनी २००२ साली बहुपर्यायी प्रश्न लिहिण्याच्या नियमांचा आढावा घेतला. त्यात प्रश्न होकारार्थी ठेवावा आणि नकार वापरावाच लागला तर तो ठळक छापावा, असा सल्ला आहे. तो पाळला जाईलच, या भरवशावर मात्र परीक्षेला बसता येत नाही.

मग करायचं काय? ताईचा पहिला उपाय उलटा आहे: प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी वाच. त्यावर बोट ठेव, मग सुरुवातीपासून वाच. आणि पर्यायांकडे वळण्याआधी मनात एकच शब्द म्हण: 'खरं' किंवा 'खोटं'. म्हणजे आपण काय शोधतोय, ते. मराठीबद्दल शंका वाटली तर त्याच प्रश्नाच्या इंग्रजी मजकुरात 'नॉट' आहे का, ते पाहायला दोन सेकंद पुरतात.

दुसरा उपाय म्हणजे धोक्याची घंटा. चार सुट्या विधानांच्या प्रश्नात दोन विधानं निःसंशय खरी निघाली, तर खरं विधान विचारलेलंच नाही. नद्यांच्या प्रश्नात गोदावरीनंतर कृष्णाही खरी निघाली, तिथेच ही घंटा वाजायला हवी होती. पण ती ऐकू येण्यासाठी पहिल्या पर्यायावर थांबता कामा नये.

ही घंटा जिथे वाजतच नाही, त्या जागेवर पत्राचं जवळपास अर्धं पान गेलं आहे. नमुना असा: 'खालीलपैकी कोणते/ती विधान/ने अयोग्य आहे/त? अ) राज्यसभा विसर्जित होत नाही. ब) राज्यसभा सदस्याचा कार्यकाल सहा वर्षांचा असतो. क) धन विधेयक प्रथम राज्यसभेत मांडता येते.' पर्याय: फक्त अ आणि ब; फक्त ब आणि क; फक्त क; वरील सर्व. अ आणि ब खरी, क खोटं, कारण धन विधेयक लोकसभेतच मांडता येतं. उत्तर तिसरा पर्याय. पण खरी विधानं शोधणाऱ्यासाठी 'फक्त अ आणि ब' हा पर्याय तयार ठेवलेला आहे. त्याला आपलं उत्तर समोर छापलेलं दिसतं, तो निश्चिंतपणे गोळा रंगवतो आणि पुढे जातो. राज्यघटना पक्की असलेलाच इथे हमखास फसतो.

अशा ठिकाणी ताई सांगते: आधी तिन्ही विधानांचा निकाल लाव, अ खरं, ब खरं, क खोटं. मग पर्यायांकडे न जाता प्रश्नाकडे परत ये, शेवटचे शब्द पुन्हा वाच आणि मगच पर्याय निवड. खुणा कुठे करता येतात, ते पुस्तिकेवरच्या सूचनांत आधी वाचून घे. संगणकावरच्या परीक्षेत पडद्यावर रेघ मारता येत नाही; तिथे कच्च्या कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहून पुढे फुली कर.

एक मर्यादाही तिने सांगितली आहे. 'फक्त', 'केवळ', 'सर्व' असे शब्द असलेलं विधान खोटंच असतं, अशी समजूत अभ्यासिकांमध्ये फिरते. 'धन विधेयक केवळ लोकसभेत मांडता येते' हे विधान पूर्ण खरं आहे. नकार ओळखल्यावर पुढचं काम माहितीनेच होतं.

पत्राच्या शेवटी सराव दिला आहे. आयोगाची एक जुनी प्रश्नपत्रिका घ्यायची, एकही प्रश्न सोडवायचा नाही. फक्त शंभर प्रश्नांचे शेवटचे शब्द वाचायचे आणि खरं विचारलं असेल तिथे अधिक, खोटं विचारलं असेल तिथे वजा लिहायचं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करून दोन्ही दिवसांच्या खुणा ताडून पाहायच्या. जिथे जुळत नाहीत, ते शब्द आपले. सराव चाचणीत चुकलेल्या उत्तरांचेही दोन रकाने ठेवायचे: 'माहीत नव्हतं' आणि 'उलटं वाचलं'.

"पुढच्या रविवारी येशील तेव्हा तो दुसरा रकाना मला दाखव," एवढंच लिहून ताईने सही केली आहे.