कॅल्साइटमधील दोन किरण

आइसलँडमध्ये सापडणाऱ्या पारदर्शक कॅल्साइटचा तुकडा कागदावरील ठिपक्यावर ठेवल्यास एकाऐवजी दोन ठिपके दिसतात, ही गोष्ट डेन्मार्कच्या रास्मुस बार्टोलिन याने 1669 मध्ये प्रसिद्ध केली. कॅल्साइट हा एकाक्षीय स्फटिक आहे; म्हणजे त्यात एकच अशी दिशा असते, जिला प्रकाशीय अक्ष म्हणतात, की तिच्या बाजूने जाणारा प्रकाश दुभंगत नाही. इतर दिशांनी मात्र एका किरणाचे दोन होतात. पैकी साधारण किरण अपवर्तनाचे नेहमीचे नियम पाळतो आणि त्याचा अपवर्तनांक सर्व दिशांना 1.658 एवढाच राहतो. उलट असाधारण किरणाचा अपवर्तनांक दिशेनुसार 1.658 पासून 1.486 पर्यंत बदलतो, आणि पृष्ठभागावर लंब पडलेला असूनही तो आत शिरताच तिरपा होतो. नैसर्गिक पृष्ठातून पाहिल्यास सुमारे 1 सेंटिमीटर जाडीमागे दोन ठिपक्यांत साधारण 1.1 मिलिमीटर अंतर पडते. तुकडा कागदावरच फिरवला, तर साधारण ठिपका जागीच राहतो व असाधारण त्याच्याभोवती फिरतो.

दोन्ही किरण ध्रुवित, म्हणजे एकाच ठरावीक दिशेत कंपन पावणारे असतात. किरण आणि प्रकाशीय अक्ष ज्यात येतात त्या मुख्य प्रतलाला लंब दिशेत साधारण किरणाची कंपने होतात, तर असाधारण किरणाची त्या प्रतलातच होतात. पृष्ठाच्या समभुज चौकोनात मुख्य प्रतल आखूड कर्णातून जाते. त्यामुळे पोलरॉइडची पट्टी वर धरून हळूहळू फिरवली, की एक ठिपका मावळतो आणि आणखी 90 अंशांनी दुसरा.