रांगोळीत उमटलेले पाय

फेब्रुवारीची अखेर. कोथरूडमधल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर काकूंनी संध्याकाळी काकडी आणि दोडक्याचं बी टोकलं. सकाळी पाहतात तर प्रत्येक टोकणीच्या जागी बोटभर खोल खड्डा आणि शेजारी बियांची कोरलेली सालं. काकूंचा संशय सरळ खारीवर गेला. रोज सकाळी कठड्यावरून शेपटी उडवत पळताना तीच तर दिसते!

पण खार अंधार पडायच्या आत घरट्यात जाते आणि उजाडल्यावरच बाहेर पडते. संध्याकाळी पेरलेलं पहाटेआधी नाहीसं झालं, तर चोर उंदीरच असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या रात्री काकूंनी कुंड्यांभोवती रांगोळीची पातळ चाळ टाकली. सकाळी तिच्यात बारीक पावलांची रांग होती, मधून शेपटी ओढल्याची रेघ, आणि कडेला दोन्ही टोकांना निमुळत्या, अर्ध्या इंचाच्या काळ्या लेंड्या. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असती, तर घरातली छोटी उंदरी समजायला हरकत नव्हती. ही मात्र झाडावर, पाइपवर सराईतपणे चढणारी मोठी जात होती.

उंदीर तिसऱ्या मजल्यावर चढला कशाला, हा खरा प्रश्न. उत्तर मातीतच होतं. काकूंनी लागवडीआधी प्रत्येक कुंडीत मूठभर शेंगदाण्याची पेंड मिसळली होती. झाडाला ती खत, उंदराला मात्र खाऊ. कोपऱ्यातल्या कंपोस्टच्या उघड्या बादलीत फळांची सालं होती, तिथे तर पंगतच मांडलेली. पेंडीऐवजी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालावं, बादलीला घट्ट झाकण बसवावं, तिच्या बुडाच्या भोकांवर तारेची जाळी लावावी. गच्चीला टेकलेली आंब्याची फांदीही छाटावी लागते. उंदीर चारएक फुटांची आडवी उडी सहज मारतो, त्यामुळे फांदी चार बोटं मागे घेऊन भागत नाही.

आता जाळी. बाजारात मिळणारी हिरवी नायलॉनची जाळी पक्ष्यांना अडवते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. नायलॉन एका रात्रीत फाटतं. हवी ती गॅल्व्हनाइज्ड तारेची वेल्डेड जाळी. मोठा उंदीर आणि खार यांच्यासाठी अर्ध्या इंचाचं भोक चालतं, पण उंदरीची पिल्लं त्यातूनही आत जातात. म्हणून रोपांच्या ट्रेवर पाव इंची जाळीचा खोका करायचा, वर बिजागरीचं झाकण, आणि झाकणाला कडी. नुसता दगड ठेवला, तर एखाद्या रात्री तो सरकतोच. रोपाला चार-पाच पानं येऊन खोड जरा टणक झालं की खोका पुढच्या पेरणीला मोकळा.

मिरचीचं पाणी फवारायचा सल्ला सगळेच देतात. तिखट उंदराला आणि खारीला झोंबतं, हे खरं. पण एक पाणी घातलं की ते धुऊन जातं, आणि खायची पालेभाजी रोज तिखटात कोण भिजवणार? किर्र आवाज करणाऱ्या यंत्रांनाही उंदीर थोड्याच दिवसांत सरावतात. विषाच्या वड्या तर नकोच: विष खाऊन मरायला टेकलेला उंदीर मांजर किंवा घुबड उचलतं, आणि विष त्यांच्याही पोटात जातं.

पिंजरा लावायचा असेल तर थोडा धीर हवा. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. काकूंनी आधी चार रात्री पिंजरा दार बांधून उघडाच ठेवला, आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. पाचव्या रात्री दार सोडलं. उजाडायच्या आत पिंजरा आवरला नाही, तर खोबऱ्याच्या वासाने खारही अडकते, म्हणून त्या साडेपाचलाच वर जात.

खारीचा हिशेब वेगळा. तिला बियांपेक्षा पिकू लागलेली फळं आवडतात. शिवाय टांगत्या कुंड्यांमधला काथ्या घरट्यासाठी ओढून नेते, तेव्हा कुंडीची माती भसाभस खाली. टोमॅटो आणि चिकू झाडावर पूर्ण पिकायची वाट पाहू नये. टोमॅटोवर पहिला गुलाबीपणा दिसला की तोडून घरात ठेवला तरी व्यवस्थित पिकतो. डाळिंबाचं तसं नाही, ते तोडल्यावर पुढे पिकत नाही, त्यामुळे त्याला झाडावरच राखावं लागतं. कापडी पिशवी खार फाडते. काकूंनी तारेच्या जाळीची नळी वळवून फळाभोवती बसवली, दोन्ही तोंडं तारेने शिवली. फळ मोठं होणार म्हणून चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडली.

कुरतडलेलं फळ कापून उरलेलं खाण्याचा मोह टाळावा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, म्हणून माती उकरताना हातमोजे आणि पालेभाजीला वाहत्या पाण्याखाली नीट धुणं आलंच.

मार्चमध्ये काकूंनी काकडी पुन्हा टोकली, खोक्यात. कुंड्यांपासून दूर, कठड्याच्या पलीकडच्या टोकाला पाण्याची मातीची थाळी ठेवली. उन्हाळ्यात खार टोमॅटो फोडते ती पुष्कळदा तहानेपोटी. थाळी रोज भरली जाते. टोमॅटोला दात लागायचे अजून थांबलेले नाहीत, पण आठवड्याला चार-पाच फुटत, तिथे आता एखादाच सापडतो.