दोन साध्या परिकल्पनांमधील सर्वाधिक सामर्थ्यशाली चाचणी : संभाविता गुणोत्तर आणि नकार क्षेत्राची रचना

सारांश : सार्थकता पातळी निश्चित केल्यानंतरही परिकल्पना चाचणीसाठी अनेक नकार क्षेत्रे उपलब्ध असतात. त्यांपैकी सर्वोत्तम क्षेत्र कोणते, या प्रश्नाचे उत्तर नेमन-पिअर्सन प्रमेयिका देते. प्रस्तुत लेखात सोयाबीन बियाण्याच्या उगवण चाचणीच्या आधारे असे क्षेत्र कसे रचले जाते, ते सर्वोत्तम का ठरते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : साधी परिकल्पना, संभाविता गुणोत्तर, नकार क्षेत्र, चाचणीचे सामर्थ्य, नेमन-पिअर्सन प्रमेयिका.

१. प्रस्तावना

खरीप हंगामापूर्वी घरचे सोयाबीन बियाणे पेरणीयोग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी शेतकरी ओल्या गोणपाटात मोजके दाणे गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी किती दाण्यांना अंकुर फुटले ते मोजतात. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणक्षमतेचे मानक आहे. या साध्या कृतीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. चांगले बियाणे निकृष्ट समजून बाजूला टाकले जाईल, ही पहिली चूक. निकृष्ट बियाणे चांगले समजून पेरले जाईल, ही दुसरी. दुसऱ्या चुकीची किंमत दुबार पेरणीच्या रूपाने मोजावी लागते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात मोठ्या संख्येने झाल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

किती दाणे उगवले नाहीत म्हणजे बियाणे नाकारावे, हा निर्णय अंदाजाने घेता येतो. परंतु त्यामागे निश्चित तत्त्वही आहे. जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते मांडले.

२. प्रश्नाची मांडणी

वीस दाण्यांची चाचणी घेतली आणि न उगवलेल्या दाण्यांची संख्या Y मानली, असे समजू. प्रत्येक दाणा इतरांपासून स्वतंत्रपणे उगवतो असे गृहीत धरल्यास Y चे वितरण द्विपद असते. आता पुढील दोन परिकल्पना घेऊ.

H₀ : दाणा न उगवण्याची संभाव्यता ०.३ आहे (बियाणे मानकानुसार आहे).
H₁ : दाणा न उगवण्याची संभाव्यता ०.५ आहे (बियाणे निकृष्ट आहे).

या दोन्ही परिकल्पना 'साध्या' आहेत. कारण त्यांपैकी कोणतीही एक सत्य मानली की Y चे वितरण पूर्णपणे निश्चित होते. Y च्या ज्या मूल्यांसाठी H₀ नाकारायची, त्या मूल्यांच्या संचाला नकार क्षेत्र म्हणतात. H₀ सत्य असताना निरीक्षण या क्षेत्रात पडण्याची संभाव्यता म्हणजे पहिल्या प्रकारच्या त्रुटीची संभाव्यता, अर्थात क्षेत्राचे आकारमान. H₁ सत्य असताना ते या क्षेत्रात पडण्याची संभाव्यता म्हणजे चाचणीचे सामर्थ्य. आकारमान ठरावीक मर्यादेत ठेवून सामर्थ्य जास्तीत जास्त वाढवणे, हा प्रश्न आहे.

३. दुर्मीळ निरीक्षण म्हणजे विरोधी पुरावा नव्हे

H₀ सत्य असताना जे क्वचितच घडते, ते घडल्यास H₀ नाकारावी, असे प्रथमदर्शनी वाटते. हा विचार अपुरा आहे. H₀ सत्य असताना वीसपैकी दोन किंवा त्याहून कमी दाणे न उगवण्याची संभाव्यता केवळ ०.०३५५ आहे. म्हणजे ही घटना दुर्मीळ आहे. तथापि, H₁ सत्य असताना तिची संभाव्यता ०.०००२ इतकीच उरते. बियाण्याची उगवण इतकी उत्तम झाली म्हणून ते निकृष्ट ठरवणे हास्यास्पद होईल. म्हणून निरीक्षण H₀ खाली किती दुर्मीळ आहे एवढे पाहून भागत नाही. ते H₁ खाली त्या मानाने किती संभवनीय आहे, हेही पाहावे लागते. ही तुलना पुढील गुणोत्तराने होते.

λ(y) = f₁(y) / f₀(y)

येथे f₀ आणि f₁ या अनुक्रमे H₀ आणि H₁ खालील संभाव्यता होत. यालाच संभाविता गुणोत्तर म्हणतात. प्रस्तुत उदाहरणातील काही मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

| न उगवलेले दाणे (y) | H₀ खाली संभाव्यता | H₁ खाली संभाव्यता | गुणोत्तर λ |
|---|---|---|---|
| २ | ०.०२७८ | ०.०००२ | ०.००६५ |
| ७ | ०.१६४३ | ०.०७३९ | ०.४५ |
| ८ | ०.११४४ | ०.१२०१ | १.०५ |
| ९ | ०.०६५४ | ०.१६०२ | २.४५ |
| १० | ०.०३०८ | ०.१७६२ | ५.७२ |
| ११ | ०.०१२० | ०.१६०२ | १३.३४ |

न उगवलेला प्रत्येक वाढीव दाणा या गुणोत्तराला ७/३ पट, म्हणजे सुमारे २.३३ पट वाढवतो. त्यामुळे येथे λ मोठे असणे आणि y मोठे असणे या दोन गोष्टी समानार्थी ठरतात.

४. नकार क्षेत्राची रचना

ही रचना मर्यादित रकमेत करावयाच्या खरेदीसारखी आहे. Y चे प्रत्येक मूल्य नकार क्षेत्रात घेताना त्याच्या H₀ खालील संभाव्यतेइतका खर्च होतो आणि H₁ खालील संभाव्यतेइतका लाभ मिळतो. एकूण खर्च सार्थकता पातळीपेक्षा अधिक होता कामा नये. अशा वेळी प्रत्येक रुपयामागे ज्याचा लाभ सर्वाधिक, ती वस्तू प्रथम घ्यावी, हे उघड आहे. संभाविता गुणोत्तर म्हणजे हाच दर होय. म्हणून सर्वाधिक λ असलेल्या मूल्यापासून प्रारंभ करून उतरत्या क्रमाने मूल्ये घेत जावे आणि मर्यादा येताच थांबावे.

सार्थकता पातळी ०.०५ घेतल्यास २०, १९, १८ असे उतरत १० पर्यंत येता येते. Y ≥ १० या क्षेत्राचे आकारमान ०.०४८० आणि सामर्थ्य ०.५८८१ आहे. त्यात ९ हे मूल्य मिळवल्यास आकारमान ०.११३३ होऊन मर्यादा ओलांडली जाते.

या क्षेत्राची तुलना 'दोन्ही टोके' घेणाऱ्या क्षेत्राशी करून पाहू. Y ≤ २ किंवा Y ≥ ११ या क्षेत्राचे आकारमान ०.०५२६ आहे, म्हणजे खर्च पहिल्या क्षेत्रापेक्षा अधिक आहे. तरीही त्याचे सामर्थ्य केवळ ०.४१२१ भरते. डाव्या टोकावर केलेला सर्व खर्च वाया गेला, हे त्याचे कारण.

पातळी नेमकी ०.०५ हवी असल्यास Y = ९ आल्यावर सुमारे ०.०३ संभाव्यतेने, म्हणजे यादृच्छिक सोडतीने, H₀ नाकारावी लागते. सिद्धान्ताच्या पूर्णतेसाठी ही तरतूद आवश्यक आहे. परंतु बियाण्याचे भवितव्य चिठ्ठी टाकून ठरवणे कोणालाही रुचणार नाही. म्हणून व्यवहारात ०.०४८० हेच आकारमान मान्य केले जाते.

५. सिद्धता

λ(x) > k या अटीने मिळणारे क्षेत्र W मानू. ज्याचे आकारमान W पेक्षा अधिक नाही, असे कोणतेही अन्य क्षेत्र W′ घेऊ. दोहोंतील सामाईक भाग दोन्ही बाजूंना सारखेच योगदान देतो, म्हणून तो वगळता येतो. आता दोन भाग उरतात : केवळ W मधील A आणि केवळ W′ मधील B. W′ चे आकारमान अधिक नसल्याने P₀(B) ≤ P₀(A).

A मधील प्रत्येक बिंदूवर f₁ हे k f₀ पेक्षा अधिक आहे. B मधील बिंदू W च्या बाहेर असल्याने तेथे f₁ हे k f₀ पेक्षा अधिक नाही. यावरून

P₁(A) ≥ k P₀(A) ≥ k P₀(B) ≥ P₁(B)

म्हणजे W चे सामर्थ्य W′ च्या सामर्थ्यापेक्षा कमी असू शकत नाही. या युक्तिवादात द्विपद वितरणाचा कोणताही विशेष गुणधर्म वापरलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

६. नकार क्षेत्र नेहमी टोकालाच असते काय?

वरील उदाहरणात क्षेत्र एका टोकाला आले, ते λ सतत वाढत गेल्यामुळे. सर्वत्र असे घडत नाही. कौशी वितरणातून एकच निरीक्षण x घेतले आणि वितरणाचा मध्यबिंदू H₀ नुसार ०, तर H₁ नुसार १ असेल, तर

λ(x) = (1 + x²) / (1 + (x − 1)²)

x खूप मोठा झाल्यावर हे गुणोत्तर पुन्हा १ कडे झुकते. कारण अतिदूरचे निरीक्षण दोन्ही परिकल्पनांखाली जवळजवळ सारखेच संभवनीय असते आणि त्यावरून निवाडा होत नाही. k = २ घेतल्यास λ > २ ही अट १ < x < ३ या अंतरालात रूपांतरित होते. त्याचे आकारमान ०.१४७६ आणि सामर्थ्य ०.३५२४ आहे. x > २ या टोकाकडील क्षेत्राचे आकारमानही नेमके तेवढेच आहे, परंतु त्याचे सामर्थ्य केवळ ०.२५ आहे. म्हणजे x = १० असे निरीक्षण आल्यावर सर्वोत्तम चाचणी H₀ नाकारत नाही. सवयीने टोक निवडणाऱ्यास ही बाब चकित करते. गुणोत्तर मांडून पाहणाऱ्यास नाही.

७. मर्यादा

'सर्वाधिक सामर्थ्यशाली' याचा अर्थ 'पुरेशी सामर्थ्यशाली' असा नव्हे. वीस दाण्यांच्या सर्वोत्तम चाचणीतही निम्मेच उगवणारे बियाणे निर्दोष ठरण्याची संभाव्यता ०.४११९ राहते. उपलब्ध माहितीत यापेक्षा चांगले काही शक्य नाही, एवढेच प्रमेयिका सांगते. उपाय नमुना वाढवण्याचा आहे. शंभर दाणे घेऊन ३९ किंवा अधिक न उगवल्यास नाकारण्याचा नियम केला, तर आकारमान सुमारे ०.०३४ आणि सामर्थ्य सुमारे ०.९९ मिळते.

दुसरे असे की, ०.०५ ही पातळी प्रमेयिकेतून येत नाही; ती निर्णय घेणाऱ्याने ठरवायची असते. वीस दाण्यांसाठी सीमा १० ऐवजी ९ केली, तर पहिली त्रुटी ०.११३३ होते आणि दुसरी ०.४११९ वरून ०.२५१७ वर येते. k = १ घेऊन सीमा ८ केल्यास दोन्ही त्रुटींची बेरीज किमान, म्हणजे ०.३५९३ होते. दुबार पेरणीची हानी बियाणे बदलण्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर ०.०५ ला चिकटून राहणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही.

तिसरी मर्यादा परिकल्पनांच्या स्वरूपाची आहे. निकृष्ट बियाण्याची उगवण नेमकी ५० टक्केच असेल असे नाही. द्विपद उदाहरणात ही अडचण टळते, ०.३ पेक्षा मोठ्या कोणत्याही पर्यायी मूल्यासाठी λ हे y बरोबर वाढतच जाते आणि Y ≥ १० हेच क्षेत्र सर्वोत्तम राहते. कौशी उदाहरणात मात्र पर्यायी मूल्य बदलले की क्षेत्रही बदलते. शिवाय दाणे पोत्याच्या एकाच थरातून घेतले असतील, तर स्वातंत्र्याचे गृहीतक ढासळते आणि वरील सर्व संभाव्यता निरर्थक ठरतात.

८. निष्कर्ष

नकार क्षेत्र निवडताना निरीक्षण किती टोकाचे आहे हे नव्हे, तर ते दोन परिकल्पनांपैकी कोणत्या परिकल्पनेखाली किती पटीने अधिक संभवनीय आहे, हे निर्णायक असते. संभाविता गुणोत्तराच्या उतरत्या क्रमाने क्षेत्र भरत गेल्यास त्या आकारमानाचे सर्वाधिक सामर्थ्य हमखास मिळते. ते सामर्थ्य निर्णयाला पुरेसे आहे किंवा नाही, याचे उत्तर मात्र नमुन्याचा आकार आणि चुकीची किंमत यांकडे पाहूनच द्यावे लागते.