‘कमी खा’ म्हणण्याऐवजी घरचा दस्तरखान बदलूया

पालकसभेत एक अम्मी आपल्या पाचवीतल्या मुलाला घेऊन माझ्यासमोर बसल्या. अभ्यासाचं बोलून झालं, उठता उठता म्हणाल्या, "टीचर, तुमचं ऐकतो तो. जरा सांगा ना याला, कमी खा म्हणून. बघा कसा सुटलाय." मुलगा तिथेच होता. शेजारच्या बाकावर त्याच्या वर्गातली आणखी दोन मुलं होती. त्याने मान खाली घातली आणि शर्ट पोटावरून ओढून खाली केला.

शर्ट असा ओढणारी बरीच मुलं मी वर्गात पाहिली आहेत. पीटीच्या तासाला यांचं पोट दुखतं. ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत उभी राहतात. डबा उघडतानाही हाताने झाकतात. घरच्यांचा हेतू चांगलाच असतो, पण "मोटू", "गोलू", "अजून एक रोटी?" हे रोज ऐकून मूल कमी खात नाही, लपून खायला लागतं. दप्तराच्या तळाशी किंवा गादीखाली चिप्सची रिकामी पाकिटं सापडली, मूल घाईघाईने गिळायला लागलं, किंवा सगळ्यांसमोर थोडंसं खाऊन नंतर किचनमध्ये एकटंच दिसलं, तर समजावं की आपलं बोलणं उलटं पडतंय.

कुरआनात सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. हा हुकूम आपण मोहल्ल्यातल्या भांडणांना लावतो, आपल्याच लेकराला लावायचं मात्र राहून जातं.

आधी दिवस लिहून काढा

त्या अम्मींना मी मुलाला बाहेर खेळायला पाठवायला सांगितलं आणि एकच प्रश्न विचारला: तो कधी, काय खातो? आम्ही दोघींनी वहीच्या पानावर त्याचा दिवस लिहिला.

सकाळी सहा वाजता दोन चमचे साखरेचा चहा आणि चार खारी. शाळेच्या डब्यात बिस्किटांचा पुडा. एक वाजता घरी येऊन घाईत थोडा डाळ-भात, कारण झोप आलेली असते आणि पुढे ट्यूशन. मग मकतब. साडेपाचला सुटला की दादीने दिलेले वीस रुपये, त्यातून कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्स नाहीतर कोल्ड्रिंक. घरी आल्यावर पुन्हा चहा-बिस्किट. रात्री अब्बू गॅरेज बंद करून आले की दहा वाजता टीव्हीसमोर सालन, रोटी आणि वर भात.

पान भरलं तेव्हा अम्मी स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे पाच वाजेपर्यंत याच्या पोटात काहीच नाही!" खरी गोष्ट हीच होती. मूल हावरट नव्हतं. सकाळपासून पोट भरेल असं काही मिळालं नव्हतं. खारी, बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि वनस्पती तूप. ती लवकर जिरतात आणि पुन्हा भूक लागते. मग संध्याकाळी जी भूक उसळते ती झोपेपर्यंत थांबत नाही.

दुसरी गोष्ट, साखर बहुतेक प्यायली जात होती. अडीचशे मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण पाच-सहा चमचे साखर असते. त्यात दोन वेळच्या चहाचे चार चमचे. बिस्किटं वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेचा हिशोब केला तर दहा वर्षांच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसभरात नऊ-दहा चमच्यांपेक्षा कमी हवी, त्याच्या निम्मी असेल तर उत्तम. आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच राहतं.

कुणाचं काम काय

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणासाठी एक साधी वाटणी सांगितली आहे. काय, किती वाजता आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. समोर आलेल्यातलं किती खायचं, हे मुलाने ठरवायचं. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. काय आणि कधी हे मूल वीस रुपये घेऊन दुकानात ठरवतं आणि ताटात किती घ्यायचं यावर सगळं घर बोलतं.

ही वाटणी सगळ्या घराला सारखी लागू होते. त्या मुलाचा धाकटा भाऊ काडीसारखा आहे. त्याला "खा बेटा" आणि याला "बस कर" असं होत होतं. एका दस्तरखानावर दोन कायदे चालले की जाड मूल समजून जातं की आपल्यातच काहीतरी वाईट आहे. बारीक मुलालाही मैदा-साखरेची गरज नसते. म्हणून जे बदलायचं ते अब्बूंपासून दादीपर्यंत सगळ्यांचं, आणि कुणासाठी बदललं हे घरात बोलायचंच नाही.

त्या घरात काय बदललं

पहिला महिना फक्त तीन गोष्टी. सकाळी खारीच्या जागी चपाती आणि अंडं, कधी रात्रीच्या सालनबरोबर भाकरी. शाळेच्या डब्यात चपाती-भाजी नाहीतर खिम्याची चपाती. आणि असरनंतर घरीच ठरलेला नाश्ता: उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे आणि केळं, नाहीतर दही-पोहे. मकतब सुटलं की अम्मी दारात हाक मारायच्या, "नाश्ता तयार है." पोट भरल्यावर दुकानाची आठवण आपोआप कमी झाली. वीस रुपये बंद केले नाहीत, आठवड्यातून एकदा सगळ्या भावंडांना मिळू लागले.

दुसऱ्या महिन्यात पेयं. घरात कोल्ड्रिंकची बाटली आणणं बंद. पाहुणे आले तर लिंबू सरबत किंवा ताक. चहात साखर सगळ्यांच्याच दोनवरून दीड, मग एक चमचा. दर दोन आठवड्यांनी थोडीशी कमी केली की जिभेला कळत नाही. एकदम फिकी केली तर दादीच पहिली बंड करते.

रात्रीचं जेवण दहावरून मगरिबनंतर आणलं, टीव्ही बंद करून. अब्बूंना रोज जमत नाही, तेव्हा मुलं अम्मी आणि दादीसोबत जेवतात. अब्बू लवकर आले त्या दिवशी मुलं त्यांच्यासोबत इशाला चालत मशिदीत जातात. येता-जाता वीस मिनिटं होतात. झोप साडेअकरावरून साडेनऊ-दहावर आली. या वयाला किमान नऊ तास झोप लागते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

सालन, बिर्याणी यातलं काही बंद केलं नाही. आपल्या आजी-नानींच्या स्वयंपाकात उपाय आहेतच: दुधी घातलेला दालचा, पालक गोश्त, मेथी खिमा. त्यात भाजीचा हिस्सा वाढवला, वर आलेली तेलाची तर्री पळीने काढून ठेवली. रविवारी बिर्याणीआधी कचुंबर आणि दही दस्तरखानावर येतं. मूल स्वतःच्या हाताने वाढून घेतं आणि पुन्हा मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही.

अडचणी कुठे येतात

पहिले दोन-तीन आठवडे मूल उलट जास्त खाईल. आजवर टोकलं गेलेलं मूल आता कुणी अडवत नाही हे तपासून बघतं. त्या अम्मी आठव्या दिवशीच घाबरून आल्या होत्या: "टीचर, पाच चपात्या खाल्ल्या!" मी म्हटलं, थांबा. ठरलेल्या वेळी जेवण मिळणारच असा भरवसा बसला की हात आपोआप थांबतो.

दुसरी अडचण ताट साफ करण्याची. अन्न वाया घालवू नये हे खरंच, पण पोट भरल्यावर जबरदस्तीने शेवटचा घास भरवला तर मूल पोटाचं ऐकायला विसरतं. उपाय सोपा आहे: आधी कमी वाढायचं, लागलं तर पुन्हा घ्यायचं. हुजूर (स.) यांनी कधी जेवणाला नावं ठेवली नाहीत, आवडलं तर घेत, नाही तर राहू देत, असं हदीसमध्ये येतं. मुलालाही एवढी मोकळीक असू द्यावी.

तिसरी, दादी-नानींची माया. "खाते-पीते घर का बच्चा है, नजर मत लगाओ." त्यांच्याशी वजनावर वाद घालू नका, त्यांना काम द्या. त्या घरात असरच्या नाश्त्याचे चणे आता दादीच भिजवतात. आणि पारा पूर्ण झाला की चॉकलेट, ही सवय सोडा. बक्षीस म्हणून क्रिकेटची बॉल किंवा अब्बूंसोबत बाहेर एक फेरी द्या.

चौथी, रमजान. मुलाला रोजा ठेवायची हौस असेल तर ती इबादतीची हौस राहू द्या. "रोजे ठेव, बारीक होशील" असं म्हणू नका. इफ्तारला खजूर, पाणी, फळं घेऊन मगरिब पढावी आणि मग जेवावं. भजी-समोसे रोज न होता जुम्याला ठेवले तरी चालतात.

वजन कसं मोजायचं

घरात काटा आणू नका. वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं. बहुतेक वेळा ते आहे तिथेच राहिलं आणि उंची वाढली की शरीर हळूहळू मापात येतं. तीन-चार महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे उंची आणि वजन दोन्ही घ्या आणि वाढीच्या तक्त्यावर मांडायला सांगा. या मुलाची उंची १३८ सेंटीमीटर आणि वजन ४६ किलो होतं. आठ महिन्यांनी उंची १४२ झाली, वजन साडेसेहेचाळीस. तक्त्यावर तो अजूनही वर आहे, पण रेघ खाली वळली आहे. वजन घटलं नाही म्हणून घरच्यांनी हे सोडलं असतं तर चूक झाली असती.

काही गोष्टी मात्र घरच्या जेवणावर सोडू नयेत. मानेवर किंवा काखेत काळी, जाडसर कातडी दिसली तर ती मळ समजून घासू नका. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडकणं, सारखी तहान आणि लघवी, लंगडणं किंवा मांडी-गुडघा दुखणं, उंची वाढायची थांबणं, यांपैकी काहीही दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांशी वजनाचं बोलणं मूल बाहेर असताना करा.

बारीक दिसायला लागल्यावर "वाह, कमी झालास!" असंही म्हणू नका. त्यातून मुलाला कळतं की सगळे आपल्या अंगाकडेच बघत होते. गेल्या महिन्यात तो मुलगा पीटीच्या तासाला कबड्डीत उतरला. मी त्याला एवढंच म्हटलं, "पकड चांगली होती हं."